नाण्याला आठवण नसते

खिशातून एक रुपयाचे नाणे बाहेर काढा. सिंहमुद्रेची बाजू वर आली तर छापा आणि किमतीचा आकडा वर आला तर काटा, असे ठरवू. आता समजा, तुम्ही हे नाणे चार वेळा उडवले आणि चारही वेळा छापाच पडला. पाचव्यांदा नाणे उडवण्यापूर्वी मी तुम्हाला विचारले, ‘आता काय पडेल?’ तर तुम्ही काय उत्तर द्याल?

मापनातील त्रुटींचे प्रकरण सुरू करण्यापूर्वी मी हा प्रश्न दरवर्षी वर्गात विचारतो. बहुतेक हात काट्याच्या बाजूने वर होतात. कारण विचारले तर कोणीतरी धीटपणे सांगतो, ‘सर, पुष्कळ वेळा नाणे उडवले तर छापा आणि काटा निम्मे निम्मे पडतात, असे पुस्तकात आहे. चार छापे जास्त झाले, म्हणजे आता काट्यांनी भरपाई करायला नको का?’

हे उत्तर चूक आहे. पण ते आळसाने दिलेले उत्तर नाही. एका खऱ्या नियमातून काढलेला तो खोटा निष्कर्ष आहे. खरा नियम तो ‘मोठ्या संख्यांचा नियम’, आणि खोटा निष्कर्ष तो ‘जुगाऱ्याचा भ्रम’. दोन्ही एकमेकांच्या इतके जवळ राहतात की पहिला नीट समजल्याशिवाय दुसऱ्याची ओळख पटत नाही.

जत्रेतला डाव

या भ्रमाची पहिली ओळख मला गणिताच्या पुस्तकात झाली नाही. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. आमच्या शेजारच्या एका काकांबरोबर मी गावच्या जत्रेला गेलो होतो. येताना बियाणे घ्यायचे म्हणून त्यांनी सातशे रुपये बरोबर घेतले होते. एका कोपऱ्यात कंदिलाच्या उजेडात छापा-काट्याचा डाव चालला होता. बरोबर सांगितले तर लावलेल्या पैशाइतकेच पैसे वर मिळत, चुकले तर लावलेले जात.

काकांनी पाच रुपये काट्यावर लावले. छापा पडला. त्यांनी दहा लावले. पुन्हा छापा. वीस, चाळीस, ऐंशी, एकशेसाठ असे प्रत्येक वेळी दुप्पट लावत ते गेले आणि प्रत्येक वेळी म्हणाले, ‘छापा पडून पडून किती वेळा पडणार? आता काटा यायलाच पाहिजे.’ सातव्या वेळी त्यांनी तीनशेवीस रुपये लावले. तेही गेले. एकूण सहाशेपस्तीस रुपये संपले. आठव्या डावाला सहाशेचाळीस हवे होते आणि कनवटीला पासष्ट उरले होते. त्या वर्षी त्यांनी बियाणे उधारीवर घेतले. पुढे कित्येक वर्षे ते सांगत, ‘आणखी एक डाव खेळायला पैसे असते तर काटा पडलाच असता.’ त्यांच्या या वाक्यात काय चुकते, ते आता पाहू या.

नियम नेमका काय सांगतो?

मोठ्या संख्यांच्या नियमाची पहिली गणिती सिद्धता स्विस गणिती याकोब बेर्नुली याने दिली. तिच्यावर त्याने वीस वर्षे विचार केला होता. ती असलेला त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७१३ साली प्रसिद्ध झाला. नाण्याच्या भाषेत हा नियम असा मांडता येईल: नाणे जितक्या अधिक वेळा उडवावे तितके छाप्यांचे प्रमाण १/२ पासून ठळकपणे दूर असण्याची शक्यता कमी होत जाते, आणि फेकी पुरेशा वाढवल्या तर ती हवी तितकी लहान करता येते.

या वाक्यातील ‘प्रमाण’ हा शब्द अधोरेखित करून ठेवा. नियम प्रमाणाविषयी, म्हणजे छाप्यांची संख्या भागिले एकूण फेकी या अपूर्णांकाविषयी बोलतो. छाप्यांची संख्या आणि काट्यांची संख्या सारखी होईल, असे तो कोठेही म्हणत नाही.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. दहा फेकींत एकाच बाजूची सात किंवा अधिक दाने पडणे मुळीच दुर्मिळ नाही. हिशेब केला तर दर तीन प्रयोगांत साधारण एकदा असे घडते. पण शंभर फेकींत एकाच बाजूची सत्तर किंवा अधिक दाने पडणे, हे दहा हजार प्रयोगांत एकदाही अपेक्षित नाही. दोन्हीकडे प्रमाण ७० टक्केच आहे. फरक पडला तो फक्त फेकींच्या संख्येने.

बंदिवासातल्या दहा हजार फेकी

नियम कागदावर ठीक आहे, पण प्रत्यक्षात नाणे तसे वागते का? हे पाहण्याचा एक प्रसिद्ध प्रयोग तुरुंगवासामुळे झाला. जॉन केरिक हे दक्षिण आफ्रिकेतील विद्यापीठात गणित शिकवत. १९४० च्या एप्रिलमध्ये ते डेन्मार्कमध्ये असताना जर्मन सैन्य त्या देशात शिरले, आणि केरिक यांना युद्ध संपेपर्यंत तेथील एका छावणीत अडकून पडावे लागले. हाताशी वेळ भरपूर होता. एका सहबंद्याच्या मदतीने त्यांनी एक नाणे दहा हजार वेळा उडवले आणि प्रत्येक निकाल क्रमाने लिहून ठेवला. १९४६ साली त्यांनी ही नोंद पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तिच्यातील काही टप्पे असे:

| एकूण फेकी | छापे | निम्म्याशी फरक | छाप्यांचे शेकडा प्रमाण |
|---|---|---|---|
| १० | ४ | १ कमी | ४०.० |
| १०० | ४४ | ६ कमी | ४४.० |
| १,००० | ५०२ | २ जास्त | ५०.२ |
| ५,००० | २,५३३ | ३३ जास्त | ५०.७ |
| १०,००० | ५,०६७ | ६७ जास्त | ५०.७ |

शेवटचा रकाना प्रथम पाहा. ४० टक्क्यांवरून निघालेले प्रमाण ५० च्या अगदी शेजारी येऊन थांबले आहे. बेर्नुलीचा नियम येथे डोळ्यांना दिसतो.

आता तिसरा रकाना पाहा. येथे अगदी उलटे घडत आहे. दहा फेकींनंतर छापे निम्म्यापेक्षा फक्त एकने कमी होते. दहा हजार फेकींनंतर ते सदुसष्टने जास्त आहेत! प्रमाण निम्म्याजवळ आले, पण संख्येतील फरक मात्र वाढला.

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, ‘शंभर फेकींनंतर सहा छापे कमी होते, हजारानंतर दोन जास्त झाले, म्हणजे भरपाई झालीच की!’ ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर तक्त्याच्या पुढच्या ओळींत आहे. पाच हजार फेकींनंतर छापे तेहतीसने जास्त होते. नाण्याला भरपाई करायची असती, तर पुढच्या पाच हजार फेकींत छापे अडीच हजारांपेक्षा कमी पडायला हवे होते. ते पडले ५,०६७ वजा २,५३३, म्हणजे २,५३४. तेहतीसांची भरपाई होण्याऐवजी आणखी चौतीसांची भर पडली. फरक कधी कमी होतो, कधी वाढतो. आधीच्या फरकाची बाकी फेडण्याची जबाबदारी त्याच्यावर नसते.

मग प्रमाण निम्म्याजवळ येते कसे?

हाच या विषयातला कळीचा प्रश्न आहे. भरपाई होत नसेल, तर प्रमाण सुधारते कशाने?

समजा, तुमच्या पहिल्या शंभर फेकींत साठ छापे पडले. निम्म्यापेक्षा दहा जास्त. प्रमाण ६० टक्के. आता तुम्ही आणखी नऊशे फेकी केल्या आणि त्यांत कसलीही भरपाई न होता बरोबर निम्मे, म्हणजे ४५० छापे पडले. एकूण हजार फेकींत छापे ५१०. दहांचा फरक जसाच्या तसा आहे, पण प्रमाण ५१ टक्क्यांवर आले. आणखी नऊ हजार फेकी करा आणि त्यांतही बरोबर निम्मे छापे पडले असे धरा. दहा हजारांत ५,०१० छापे, प्रमाण ५०.१ टक्के. सुरुवातीचे दहा जादा छापे कोणीही परत घेतले नाहीत. ते अजून तेथेच आहेत. फक्त आता त्यांना दहाने नव्हे, शंभराने नव्हे, तर दहा हजारांनी भागले जात आहे.

तांब्याभर पाण्यात चमचाभर मीठ पडले तर पाणी खारट लागते. तेच पाणी हौदात ओतले तर खारटपणा जाणवत नाही. मीठ कोणी काढून घेतले का? नाही, तितकेच मीठ पुष्कळ पाण्यात पसरले. मोठ्या संख्यांचा नियम असा पाणी वाढवून काम करतो, मीठ काढून नाही. जुगाऱ्याचा भ्रम म्हणजे हौदाने मीठ वेचून बाहेर टाकावे अशी अपेक्षा धरणे.

पुढच्या फेकींत बरोबर निम्मे छापे पडतात असे आपण सोयीसाठी धरले. प्रत्यक्षात त्यांतही कमी-जास्त होणारच. किती होईल, यालाही एक माप आहे. फेकींच्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याच्या निम्मे घ्या. छाप्यांच्या संख्येत सामान्यतः इतपत फरक पडतो. त्याच्या दुपटीपर्यंतही तो पुष्कळदा जातो. संख्याशास्त्रात यालाच प्रमाण विचलन म्हणतात. शंभर फेकींसाठी ते ५ येते, दहा हजारांसाठी ५० आणि दहा लाखांसाठी ५००. म्हणजे केरिक यांचा सदुसष्टांचा फरक अगदी सर्वसाधारण आहे. पण हेच आकडे एकूण फेकींच्या शेकड्यात मांडा: ५ टक्के, ०.५ टक्के, ०.०५ टक्के. फरक वाढतो तो वर्गमूळाच्या संथ चालीने आणि ज्याने भागायचे ती संख्या वाढते भरधाव. या शर्यतीत प्रमाण निम्म्याजवळ न येऊन सांगते कोणाला?

पाचव्या फेकीचा हिशेब

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. सलग चार छापे पडण्याची शक्यता १/१६ असते, कारण चार फेकींचे एकूण सोळा सारखे संभवनीय क्रम होतात आणि त्यांतला एकच सगळ्या छाप्यांचा असतो. सलग पाच छाप्यांची शक्यता १/३२. येथेच अनेकजण फसतात. ‘१/३२ म्हणजे फारच थोडी, तेव्हा काटाच पडणार’, असे त्यांना वाटते. पण ‘चार छापे आणि मग काटा’ या क्रमाची शक्यता किती? तीही १/३२ च! चार छापे पडून गेले आहेत. आता शर्यतीत दोनच क्रम उरले आणि दोघे अगदी बरोबरीचे आहेत. म्हणून पाचव्या वेळी छाप्याची शक्यता १/२ आणि काट्याचीही १/२.

भौतिकशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर यात नवल नाही. नाणे कसे पडेल हे अंगठ्याने दिलेला वेग, गिरकी, हातापर्यंतचे अंतर यांवर ठरते. मागच्या चार फेकींची नोंद धातूच्या त्या चकतीवर कोठे होणार? तिचे वस्तुमान बदललेले नाही, आकार बदललेला नाही. नाण्याला आठवण नसते. आठवण असते ती पाहणाऱ्याला.

केरिक यांच्या नोंदीत याचाही पडताळा मिळतो. त्यांच्या पहिल्या दोन हजार फेकींत सलग चार छापे १३० जागी आले. त्यांच्या पुढची फेक पाहिली तर ६९ वेळा पुन्हा छापा पडला होता आणि ६१ वेळा काटा. साधारण निम्मे निम्मे; काट्याकडे कल असल्याची खूण नाही.

काकांचे गणित

जत्रेतल्या डावाचा हिशेब आता आपल्याला मांडता येईल. सातशे रुपयांत पाचपासून दुप्पट करत जास्तीत जास्त सात डाव खेळता येतात. सातांपैकी एकदा जरी काटा पडला, तरी आधीचे सगळे गेलेले पैसे भरून निघून वर पाच रुपये मिळतात. सातही वेळा छापा पडण्याची शक्यता १/१२८. म्हणजे असा खेळ १२८ वेळा खेळला तर सरासरीने १२७ वेळा पाच रुपये मिळतील, म्हणजे एकूण ६३५ रुपये. आणि एकदा ६३५ रुपये जातील. बेरीज शून्य! दुप्पट लावण्याच्या युक्तीने फायदा निर्माण झालाच नाही. छोटे छोटे पुष्कळ फायदे आणि एक मोठा फटका, एवढीच अदलाबदल झाली. तो फटका काकांना पहिल्याच संध्याकाळी बसला.

‘पण सलग सात छापे त्यांच्याच वाट्याला कसे आले?’ असे वाटेल. जत्रेत दिवसभर डाव चालतो. हजार फेकी झाल्या तर कोठेतरी सलग सात छापे येणे जवळजवळ ठरलेलेच असते. प्रश्न एवढाच, की त्या वेळी तेथे कोण उभे असेल. आणि आठव्या डावाला पैसे असते तरी काटा पडण्याची शक्यता पहिल्या डावाला होती तितकीच होती: १/२.

ते नाणे खोटे असेल, अशीही शंका घेता येईल. ती खरी असेल तर काकांचा तर्क अधिकच उलटा ठरतो. नाण्याचा तोल छाप्याकडे झुकलेला असेल, तर मोठ्या संख्यांचा नियम प्रमाणाला १/२ कडे नव्हे, तर त्या नाण्याच्या स्वतःच्या, निम्म्याहून मोठ्या शक्यतेकडे नेतो. म्हणजे लांबलचक सलग छाप्यांवरून काही शिकायचेच असेल, तर ते ‘आता काटा’ असे नव्हे, ‘नाणे तपासा’ असे. सात छाप्यांवरून शंका घेणे घाईचे होईल. पण सलग वीस छापे पडले, तर प्रामाणिक नाण्याच्या बाबतीत त्याची शक्यता दहा लाखांत एकाहूनही थोडी कमी असते.

‘आता दुसरेच येणार’ हे कधी खरे असते?

या भ्रमाला घाबरून उलट टोकाला जाऊ नका. एका पिशवीत पाच तांबड्या आणि पाच पांढऱ्या गोट्या आहेत. तुम्ही एकेक गोटी काढून बाहेर ठेवता आणि पहिल्या चारही तांबड्या निघाल्या. आता पिशवीत एक तांबडी आणि पाच पांढऱ्या उरल्या. पुढची पांढरी निघण्याची शक्यता ५/६ झाली. येथे ‘आता पांढरी येणार’ हे म्हणणे योग्यच आहे, कारण पिशवीला एका अर्थी आठवण आहे: आधी जे निघाले ते आत उरलेले नाही. पण प्रत्येक वेळी गोटी परत टाकून पिशवी ढवळली, तर ती आठवण पुसली जाते आणि पिशवी नाण्यासारखी वागू लागते.

म्हणून असा प्रश्न समोर आला की एकच गोष्ट तपासा: मागच्या निकालामुळे पुढच्या निकालाची परिस्थिती प्रत्यक्षात बदलली का? बदलली नसेल, तर त्या घटना ‘स्वतंत्र’ आहेत आणि मागचा इतिहास पुढच्या फेकीबद्दल काही सांगत नाही.

वर्गात करून पाहा

चाळीस विद्यार्थ्यांच्या वर्गाला हा प्रयोग एका तासात करता येईल. प्रत्येकाने एक नाणे पन्नास वेळा उडवावे आणि निकाल क्रमाने लिहावेत. मग तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली: प्रत्येकाचे छापे. बहुतेकांचे १८ ते ३२ च्या दरम्यान येतील, एखाद-दुसरा त्याबाहेर जाईल. दुसरी: सर्वांची बेरीज. दोन हजार फेकींत छापे बहुधा ९५५ ते १,०४५ च्या दरम्यान पडतील. एकेका विद्यार्थ्याचे प्रमाण ३६ ते ६४ टक्क्यांत फिरते, तर साऱ्या वर्गाचे ४८ ते ५२ टक्क्यांत. हाच मोठ्या संख्यांचा नियम. तिसरी: जेथे जेथे सलग चार छापे आले असतील तेथे पाचवी फेक पाहा. अशा सुमारे शंभर-सव्वाशे जागा सापडतील. त्यांत छापे किती, काटे किती, ते मोजा.

शिक्षकांसाठी एक गंमत सांगतो. नाणे न उडवताच घरी मनाने पन्नास निकाल लिहून आणणारा एखादा विद्यार्थी असतोच. त्याला ओळखणे अवघड नाही. प्रामाणिक पन्नास फेकींत, दर पाचांपैकी सुमारे चार वह्यांत, एकाच बाजूची पाच किंवा अधिक दाने कोठेतरी सलग सापडतात. मनाने लिहिणाऱ्याचा हात मात्र तीन-चार छाप्यांनंतर आपोआप काट्याकडे वळतो. सलग पाच लिहायला त्याला धीर होत नाही. एकाच वहीवरून कोणाला दोषी ठरवू नका, कारण पाचातली एक प्रामाणिक वहीही तशीच निघते. पण अशा वह्यांचा गठ्ठा समोर आला, तर समजा की तेथे नाणे उडालेले नाही. लिहिणाऱ्याने आपल्या मनातली भरपाई कागदावर उतरवली आहे. जत्रेतल्या काकांनी तीच भरपाई नाण्याकडे मागितली होती.